मुडदूस समजून उपचार झालेला मुलगा: अकॉन्ड्रोप्लेझियाच्या उशिरा झालेल्या निदानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गिरणगावातील एका चाळीत राहणारा, तीन वर्षे दोन महिने वयाचा एक मुलगा आमच्या बालरोग बाह्यरुग्ण विभागात आला, तेव्हा त्याच्या फाईलवर आधीच तीन वेगवेगळी निदाने लिहिलेली होती. प्रत्यक्षात त्याला अकॉन्ड्रोप्लेझिया, म्हणजे हातपायांची हाडे आखूड राहणारा जन्मजात जनुकीय आजार होता. ओळख पटू नये म्हणून या लेखात कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. वडील मालवाहू टेम्पो चालवत आणि आई घरी शिवणकाम करत असे. मुलाच्या जन्माच्या वेळी वडिलांचे वय एकेचाळीस होते. आई-वडील दोघेही सर्वसाधारण उंचीचे होते, आणि सोबत आलेल्या आजी पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "आमच्या दोन्ही घरांत कुणी बुटकं नाही, डॉक्टर."

अंगणवाडीच्या कार्डावर मुलाची नोंद "कमी वजन" अशी होती आणि त्यानुसार त्याला पोषण आहार सुरू होता. पाय बाकदार दिसू लागल्यावर एका दवाखान्यात मुडदूस असे निदान झाले, आणि ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटांच्या पुड्यांचे, दर आठवड्याला एक याप्रमाणे, सहा-सहा आठवड्यांचे तीन फेरे त्याला देण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनची, कमतरता असावी असा कयास होता आणि त्यासाठीच्या तपासणीची चिठ्ठी घेऊनच हे कुटुंब आमच्याकडे आले होते.

अडचण

मुलाची उंची ७९ सेंटिमीटर भरली. या वयाच्या मुलाची सरासरी उंची साधारण ९७ सेंटिमीटर असते, तेव्हा तो फारच ठेंगणा होता याबद्दल वाद नव्हता. वजन ११.२ किलो होते. वयाच्या मानाने ते कमी असल्यामुळे अंगणवाडीची नोंद चुकीची म्हणता येणार नाही. परंतु ७९ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ते वजन पुरेसे होते, उलट थोडे जास्तच. मूल कुपोषित असेल तर वजन आधी आणि जास्त घसरते, उंची त्याच्या मागून. इथे हाडांची लांबी कमी होती आणि अंगावर मांस व्यवस्थित होते. दंडाला आणि मांडीला तर कातडीच्या जाड वळ्या पडत होत्या, कारण हाड आखूड राहिले तरी त्यावरची कातडी आणि स्नायू नेहमीसारखे वाढत असतात.

तोवर प्रत्येकाने उंची किती कमी आहे हेच पाहिले होते. ती शरीराच्या कोणत्या भागात कमी आहे, हे मोजल्याची नोंद फाईलमध्ये कुठेही नव्हती.

मोजमाप

या मोजमापाला शिवणकामाचा न ताणणारा टेप, एक सपाट भिंत आणि दोन माणसे पुरतात. ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या बाजूला लागणाऱ्या जघनास्थीची वरची कड बोटाने शोधायची आणि तिथून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यायचे. हा शरीराचा खालचा खंड. एकूण उंचीतून तो वजा केला की वरचा खंड मिळतो. नवजात बाळात वरचा खंड खालच्याच्या सुमारे १.७ पट असतो, कारण बाळाचे डोके आणि धड मोठे व पाय लहान असतात. पुढे पाय धडापेक्षा वेगाने वाढतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षी हे प्रमाण १.३ च्या आसपास येते आणि सातव्या ते दहाव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही खंड जवळपास सारखे होतात.

या मुलाचा खालचा खंड २९ सेंटिमीटर आणि वरचा ५० सेंटिमीटर होता. प्रमाण १.७ पेक्षा किंचित अधिक आले. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या अंगावर नवजात बाळाचे प्रमाण होते.

दुसरे मोजमाप वावेचे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे वाव. लहान वयात ती उंचीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी असणे स्वाभाविक आहे. इथे ती ७२ भरली, म्हणजे उंचीपेक्षा सात सेंटिमीटर कमी. इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. अकॉन्ड्रोप्लेझियात कोपर पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे वाव प्रत्यक्षातल्या हाडांच्या लांबीपेक्षा थोडी कमीच मोजली जाते; म्हणून मी त्या एका आकड्यावर भिस्त न ठेवता दंड आणि हाताचा पुढचा भाग वेगवेगळे मोजले. आखूडपणा सगळ्यात जास्त दंडात होता, मनगटाकडे जाताना तो कमी होत गेला होता. पायातही मांडी नडगीपेक्षा जास्त आखूड होती. टेप हाताशी नसला तरी हे डोळ्यांना दिसू शकते: मूल हात खाली सोडून सरळ उभे राहिले की बोटांची टोके सहसा मांडीच्या मध्यापर्यंत पोचतात, या मुलाची ती जेमतेम खुब्यापर्यंत येत होती.

डोक्याचा घेर ५३ सेंटिमीटर होता. या वयात तो सुमारे साडेएकोणपन्नास असतो. कपाळ पुढे आलेले, नाकाचे मूळ बसके, आणि पंजा पसरला की मधले बोट आणि अनामिका एकमेकांपासून दूर जाऊन बोटांचा त्रिशूळ होत असे.

विचारात घेतलेल्या शक्यता

वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, दीर्घकाळचे कुपोषण, किंवा घराण्यातच उंची कमी असणे, या सर्वांत मूल लहान असते पण सर्व बाजूंनी सारखे लहान असते. अशा मुलाचा फोटो शेजारी मोजपट्टी न ठेवता पाहिला, तर तो आपल्या वयापेक्षा लहान वयाचा पण प्रमाणबद्ध मुलगा वाटतो. आमच्या रुग्णाच्या बाबतीत ही शक्यता मोजमापातच मागे पडली, आणि त्यामुळे संप्रेरकाची उत्तेजन चाचणी करायची नाही असे ठरवले. त्या चाचणीत लहान मुलाला उपाशी ठेवून, औषध देऊन तासन्‌तास पुन्हा पुन्हा रक्त काढावे लागते. निकाल काहीही आला असता तरी निदान बदलले नसते.

थायरॉइडच्या दीर्घ कमतरतेचा विचार मात्र नीट करावा लागला, कारण त्यातही पाय आखूड राहतात आणि प्रमाण लहान बाळासारखेच टिकून राहते. फक्त १.७ हा आकडा पाहणारा माणूस इथे फसू शकतो. फरक असा की थायरॉइडमध्ये सगळी वाढच थांबलेली असते. दंड आणि मनगटाकडचा भाग यांत विषमता नसते, हाडांचे वय बरेच मागे असते, आणि मूल सुस्त, बद्धकोष्ठ झालेले असते. हा मुलगा तपासणीच्या टेबलाखाली शिरून माझ्या चपला लपवत होता. तरीही रक्ततपासणी केली, कारण ती स्वस्त आहे आणि चुकल्याची किंमत मोठी. ती सामान्य आली.

मुडदुसाचा प्रश्न एक्स-रेवर सुटला. मुडदुसात मनगटाजवळ हाडांची टोके पेल्यासारखी खोलगट आणि कडांना विसविशीत दिसतात, आणि रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असते. इथे हाडांची टोके रुंद होती खरी, आणि घाईत पाहणाऱ्याला ती मुडदुसासारखी वाटू शकतात, पण कडा स्वच्छ होत्या आणि फॉस्फटेज सामान्य होते. पायांच्या बाकाचे कारण वेगळे होते: अकॉन्ड्रोप्लेझियात नडगीच्या शेजारचे बारीक हाड नडगीच्या मानाने लांब वाढते आणि गुडघ्याचे अस्थिबंध सैल असतात. ड जीवनसत्त्वाने यातले काहीच बदलत नाही. मुलाच्या रक्तात ते जीवनसत्त्व दर मिलीलिटरला ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे वरच्या मर्यादेला टेकलेले निघाले. कॅल्शियम सुदैवाने ठीक होते. पुड्या त्याच दिवशी बंद केल्या.

मग उरले सांगाड्याचे इतर आजार. त्यांत प्रमाणाची दिशाच उलट असणारा एक गट आहे. मॉर्कियो आजारासारख्या विकारांत मणके चपटे होतात, त्यामुळे मान आणि धड आखूड पडते, छाती पुढे येते आणि हात लांब वाटू लागतात. अशा मुलाची बोटे पार गुडघ्याकडे पोचतात. स्यूडोअकॉन्ड्रोप्लेझिया हे नाव फसवे आहे. त्यात हातपाय आखूड असतात, पण जन्मतः मूल सामान्य दिसते, चालायला लागल्यानंतर फरक उघड होतो, आणि चेहरा व डोके शेवटपर्यंत सामान्य राहतात. हायपोकॉन्ड्रोप्लेझिया हा अकॉन्ड्रोप्लेझियाचा सौम्य भाऊबंद. त्यात सगळेच थोडे कमी असते, आणि कपाळ व बोटांची ठेवण बहुधा नेहमीसारखी असते.

डोके मोठे आणि हातपाय आखूड, हा विरोधाभास अकॉन्ड्रोप्लेझियाच्या मूळ बिघाडातून येतो. नावाचा शब्दशः अर्थ कूर्चा तयार न होणे असा असला तरी कूर्चा तयार होते. तिचे हाडात रूपांतर होण्याचा वेग मंदावतो. एफजीएफआर३ नावाचे जनुक वाढीच्या कूर्चेवर ब्रेकसारखे काम करते आणि या आजारात तो ब्रेक सतत थोडा दाबलेला राहतो. जी हाडे कूर्चेतून घडतात ती आखूड राहतात: दंड, मांडी, आणि कवटीचा तळ. कवटीचा वरचा घुमट कूर्चेतून नव्हे, पातळ पडद्यातून घडतो, म्हणून तो निर्वेध वाढतो. मोठे कपाळ आणि बसके नाक ही त्या दोन वेगांमधली तफावत आहे. तोच आखूड तळ पुढे आमच्या चिंतेचा विषय ठरला.

केलेली कार्यवाही

कमरेच्या एक्स-रेत मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या कमानींमधले अंतर वरून खाली येताना कमी होत गेलेले दिसले. निरोगी माणसात ते खाली वाढत जाते. कटीच्या हाडांचा आकार चौकोनी होता. एवढ्यावर निदान पक्के मानता येते, आणि जनुकीय चाचणीचा खर्च करावा का, यावर आमच्यात दोन मते पडली. मी सुरुवातीला नको म्हणत होतो. पण आई-वडिलांना दुसरे मूल हवे होते आणि त्यांना नेमके उत्तर द्यायचे होते, म्हणून चाचणी केली. अपेक्षित तोच बदल सापडला: एफजीएफआर३ जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातील ३८० व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल. १९९४ मध्ये हा बदल शोधला गेला, आणि अकॉन्ड्रोप्लेझियाच्या जवळपास सर्व रुग्णांत तो असतो.

सुमारे ८० टक्के रुग्णांचे आई-वडील सामान्य उंचीचे असतात; त्यांच्यात हा बदल नव्याने घडतो, बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत, आणि वडिलांच्या वाढत्या वयासोबत त्याची शक्यता वाढते. आजींना हे समजावताना मी सांगितले की सुनेच्या खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणात भाजी चिरल्याचा इथे काही संबंध नाही. पुढच्या मुलात हा आजार होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे. या मुलाच्या स्वतःच्या मुलांना मात्र ती पन्नास टक्के असेल.

वडिलांचा पहिला प्रश्न उंचीच्या इंजेक्शनांचा होता. ग्रोथ हॉर्मोनने अकॉन्ड्रोप्लेझियात सुरुवातीच्या काळात थोडी वाढ मिळते, पण या मुलांत त्या संप्रेरकाची कमतरता नसते आणि प्रमाणही त्याने सुधारत नाही, म्हणून आम्ही ते सुचवले नाही. व्होसोरिटाइड नावाचे, रोज कातडीखाली टोचायचे औषध थेट त्या ब्रेकच्या विरुद्ध काम करते. २०२१ मध्ये त्याला युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. वर्षभराच्या तुलनात्मक चाचणीत त्याने वार्षिक वाढीत सरासरी दीड सेंटिमीटरहून थोडी अधिक भर घातली होती. मी हा आकडा त्यांना तसाच सांगितला. औषधाचा खर्च या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता, आणि पुढील अनेक वर्षे रोज टोचावे लागेल हे ऐकल्यावर आईने स्वतःहून विषय थांबवला.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. पहिल्या भेटीत निदान जुळल्याच्या समाधानात मी झोपेबद्दल विचारलेच नाही. तीन आठवड्यांनी, अहवाल दाखवायला आलेल्या आईने सहज सांगितले, "हा रात्री मान पार मागे टाकून झोपतो आणि इतका घोरतो की शेजारच्या खोलीत ऐकू जातं." मान मागे टाकणे ही श्वासनलिका मोकळी ठेवण्यासाठी मुलाने स्वतः शोधलेली युक्ती असते. आखूड कवटीतळामुळे दोन गोष्टी घडतात: नाकामागची जागा अरुंद होते, आणि मेंदूतून मज्जारज्जू ज्या छिद्रातून खाली उतरतो ते फोरामेन मॅग्नम लहान राहते. पहिल्याने श्वास अडतो. दुसऱ्याने मज्जारज्जूवर दाब येऊन श्वास थांबू शकतो, आणि आयुष्याच्या पहिल्या वर्षांत काही मुले त्याने अचानक दगावतात.

आता निर्णय असा होता की एमआरआय आधी करावा की झोपेची चाचणी. या वयात एमआरआयसाठी भूल द्यावी लागते, आणि श्वास अडणाऱ्या मुलाला भूल देणे धोक्याचे. दुसरीकडे, मज्जारज्जूवर दाब असेल तर थांबणे धोक्याचे. मुलाच्या गुडघ्याच्या प्रतिक्रिया सामान्य होत्या, पाऊल झटकन वर दाबल्यावर पाय थरथरत नव्हता, चालताना अशक्तपणा नव्हता. या आधारावर आम्ही झोपेची चाचणी आधी घेतली. तासाला चौदा वेळा श्वास अडत होता आणि हे सर्व अडथळे नाक-घशातले होते. मेंदूकडून आदेशच न आल्याने थांबलेले श्वास त्यात नव्हते. मग भूलतज्ज्ञांशी बोलून, मान ताणली जाणार नाही याची काळजी घेत, एकाच भुलीत एमआरआय आणि त्यापाठोपाठ अॅडेनॉइड व टॉन्सिलची शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. एमआरआयमध्ये छिद्र अरुंद होते, पण मज्जारज्जूत कोणताही बदल नव्हता. मेंदूशल्यविशारदांनी शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवायला सांगितले.

परिणाम

चार महिन्यांनी झोपेच्या चाचणीत तासाला तीन वेळा श्वास अडत असल्याचे दिसले आणि घोरणे जवळपास थांबले. मुलगा आज सहा वर्षे एक महिन्याचा आहे. उंची ९४ सेंटिमीटर आहे, जी अकॉन्ड्रोप्लेझियाच्या मुलांसाठीच्या स्वतंत्र वाढ-आलेखावर अगदी सरासरीजवळ पडते. सर्वसाधारण आलेखावर ती नेहमीच तळाखाली दिसेल आणि प्रत्येक नवा डॉक्टर दचकेल, म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर तो स्वतंत्र आलेखच लावला आहे. खालचा खंड साडेपस्तीस, वरचा साडेअठ्ठावन्न. प्रमाण अजून १.६ च्या वर आहे, जिथे त्याच्या वर्गातल्या मुलांचे १.१ च्या आसपास असेल. पुढे ते फारसे बदलणार नाही. अकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या प्रौढ पुरुषाची उंची सरासरी १३१ सेंटिमीटर असते आणि बैठकीत तो इतरांच्या जवळपास बरोबरीने दिसतो.

काय वेगळे करता आले असते

जुनी फाईल निदानानंतर पुन्हा चाळली तेव्हा प्रमाण तिच्यात पहिल्यापासून लिहिलेले आढळले. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी सामान्य होती, आणि त्यात कुणाची चूक नाही. मांडीचे हाड साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर मागे पडू लागते. चौतिसाव्या आठवड्याच्या अहवालात मात्र मांडीचे हाड चार आठवड्यांनी मागे आणि डोके दीड आठवड्याने पुढे अशी नोंद होती, आणि खाली निष्कर्ष होता, "बाळाची वाढ कमी". ज्या बाळाला रक्तपुरवठा कमी पडतो, त्याचे डोके सरासरीच्या पुढे जात नाही. जन्माच्या वेळी लांबी ४६ आणि डोक्याचा घेर ३७ सेंटिमीटर होता. दोन्ही आकडे एकाच ओळीत, एकाच हस्ताक्षरात आहेत.

निदान तेव्हाच झाले असते तर उंचीत काही फरक पडला नसता. पण पहिल्या वर्षी, जेव्हा मज्जारज्जूचा धोका सर्वाधिक असतो, तेव्हा झोपेची चाचणी आणि एमआरआय झाला असता. आणि पाठीत बाक येऊ नये म्हणून पाठीला घट्ट आधार दिल्याविना लवकर बसवू नये, हेही आईला सांगता आले असते. आजींनी त्याला पाचव्या महिन्यातच उशांच्या आधाराने बसवले होते. पाठीचा बाक चालू लागल्यावर आपोआप कमी झाला, बहुतेक मुलांत तो असाच कमी होतो.

अपंगत्व प्रमाणपत्राबाबतही आम्ही उशीर केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ठेंगूपणाचा समावेश आहे आणि प्रौढ उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी अशी त्याची व्याख्या आहे. वडिलांना "अपंग" हा शब्द नको होता आणि मी तो विषय दोन वर्षे रेटला नाही. शाळा सुरू झाल्यावर प्रश्न उंचीचा नव्हता, स्वच्छतागृहाचा होता. दंड आखूड असल्यामुळे मुलाचा हात मागे पोचत नाही, आणि शौचानंतर स्वतःला स्वच्छ करणे त्याला जमत नाही. शाळेतल्या मावशी एकदा नाही म्हणाल्या, तेव्हापासून तो शाळेत पाणी पीत नसे. आता त्याच्याकडे लांब दांड्याचे एक साधन आहे, आईनेच काठी आणि स्पंजपासून बनवलेले, आणि वर्गात पाय टेकायला पाट आहे.

वडील अजूनही पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारतात. हाड कापून, चौकट लावून रोज थोडे थोडे ताणण्याची ही पद्धत अनेक महिन्यांची आणि वेदनेची आहे, आणि ती मुलाला स्वतःला मत देता येईल अशा वयात करायची. मागच्या भेटीत मी त्यांना टेप हातात दिला आणि मुलाचा दंड मोजायला सांगितला. पुढे कधी शस्त्रक्रिया करायचीच झाली, तर आधी विचार दंडाचा करावा, पायांचा नंतर, असे माझे मत मी फाईलमध्ये लिहून ठेवले आहे. निर्णय मुलाचा, साधारण बाराव्या वर्षानंतर.